टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन आणि थांबलेले शुक्राणू

मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच या संप्रेरकांद्वारे वृषणांना कामाला लावते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन किंवा अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड घेतल्यास रक्तातली पातळी पुरेशी आहे असं मेंदूला वाटतं आणि हे दोन्ही संदेश बंद होतात. मग स्नायू वाढत असतानाच वृषणांच्या आतलं टेस्टोस्टेरॉन घसरतं आणि शुक्राणू बनणं थांबतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९० च्या अभ्यासात निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं गेलं. सहा महिन्यांत निम्म्याहून अधिक जणांच्या वीर्यात शुक्राणू शून्यावर आले. कामेच्छा आणि वीर्य नेहमीसारखं असू शकतं, म्हणून हे वीर्यतपासणीतच कळतं. इंजेक्शन थांबवल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परततात, पण त्याला अनेक महिने, कधी वर्षाहून जास्त काळ लागतो.