दहापैकी दहा मार्क, तरी गोष्ट कळलीच नाही: संडे स्कूलची प्रश्नपत्रिका कशी काढायची?

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, जे रविवारी चर्चमध्ये मुलांचा वर्ग घेतात. तुम्ही बालसंस्कार वर्ग किंवा विहारातला धम्मवर्ग घेत असाल तरी ऐका, कारण चूक सगळीकडे सारखीच होते.

माझी चूक आधी सांगतो. माझ्याकडे नऊ ते बारा वयाची चौदा मुलं होती. आम्ही योसेफाची गोष्ट, म्हणजे उत्पत्तीचे 37 ते 50 हे अध्याय, पाच रविवार शिकलो. शेवटी मी दहा रिकाम्या जागांचा कागद दिला. योसेफाला किती नाण्यांना विकलं? वीस. फारोच्या स्वप्नात किती गाई लठ्ठ होत्या? सात. फारोपुढे उभा राहिला तेव्हा योसेफाचं वय किती? तीस. जवळजवळ सगळ्यांना नऊ-दहा मार्क पडले. मी खूश!

कागद गोळा करताना सहज विचारलं, "योसेफाने बन्यामीनाच्या गोणीत चांदीचा प्याला का लपवायला लावला?" एक मुलगी लगेच म्हणाली, "दादा, सूड घ्यायला!" आणि अर्ध्या वर्गाने माना डोलावल्या. म्हणजे बघा, आकडे सगळे पाठ आणि गोष्ट मात्र उलटी पोचलेली. माझ्या कागदाने हे पकडलंच नसतं, कारण त्यात "का" हा शब्दच नव्हता.

तेव्हापासून मी प्रश्न काढण्याआधी एक काम करतो. हा पाठ संपल्यावर मुलाला काय सांगता आलं पाहिजे, ते तीन वाक्यांत लिहून काढतो. योसेफाच्या पाठासाठी माझी वाक्यं अशी होती: भावांनी हेव्यापोटी योसेफाला विकलं. एका घटनेतून दुसरी घडत तो मिसरात मोठ्या पदाला पोचला. आणि भाऊ पुन्हा समोर आले तेव्हा ते बदललेले होते, योसेफाने त्यांना माफ केलं. आता प्रत्येक प्रश्न यातल्या एका वाक्याला धरून असला पाहिजे. वीस नाण्यांचा प्रश्न कुठे बसतो? फारसा कुठेच नाही. असे एक-दोन प्रश्न सुरुवातीला ठेवा, मुलांची भीती जाते. पण सगळा कागद त्यांनी भरू नका.

दहा प्रश्नांत माझी वाटणी साधारण अशी असते: चार आठवणीचे, तीन क्रमाचे आणि तीन "का"चे.

"का"चा प्रश्न काढणं सगळ्यात अवघड. प्याल्याचंच घ्या. पहिल्यांदा मी पर्याय दिले: सूड घ्यायला, प्याला हरवला म्हणून, की भावांची परीक्षा बघायला. दोन गोष्टी फसल्या. एक म्हणजे बरोबर पर्याय सगळ्यात लांब होता, आणि मुलं वाचण्याआधीच लांब पर्यायावर खूण करतात. दुसरी मोठी. योसेफाच्या मनात काय होतं हे त्या अध्यायात सरळ लिहिलेलंच नाही. ते आपण पुढच्या घटनांवरून ताडतो. मग मार्क कशाचे द्यायचे?

म्हणून मी प्रश्न बदलला. आता तो असा आहे: "यहूदाचं दोन वेळचं बोलणं आठवा. योसेफ खड्ड्यात असताना त्याने काय सुचवलं? बन्यामीनाच्या गोणीत प्याला सापडल्यावर तो काय म्हणाला? दोन्हींत फरक काय?" याचं उत्तर गोष्टीतच सापडतं. पहिल्यांदा यहूदा म्हणतो, मारून काय फायदा, विकून टाकू. दुसऱ्यांदा म्हणतो, या पोराला घरी जाऊ द्या, त्याच्याऐवजी मी गुलाम राहतो. दोन्ही वेळा बापाचा लाडका धाकटा मुलगाच संकटात आहे, पण यहूदा तोच राहिलेला नाही. ज्या मुलाला हा फरक सांगता येतो, त्याला प्याल्याचं काम कळलं असं समजा. "सूड" म्हणणारी ती मुलगी या प्रश्नावर थांबली, विचार केला आणि म्हणाली, "अच्छा, म्हणजे त्याला बघायचं होतं, हे परत भावाला सोडून देतात का!" एवढंच हवं होतं.

आता क्रमाचे प्रश्न. हे कागदावर कंटाळवाणे होतात, म्हणून मी पट्ट्या कापतो. आठ पट्ट्या, एकेकीवर एक घटना: रंगीत झगा, भावांनी विकलं, पोटीफराचं घर, तुरुंग, प्यालेबरदार आणि आचाऱ्याची स्वप्नं, फारोची स्वप्नं, भाऊ धान्याला आले, गोणीत प्याला. तीन-तीन, चार-चार मुलांचे गट करा, पट्ट्या मिसळून द्या आणि ओळीत लावायला सांगा.

ओळ बरोबर लागली म्हणून थांबू नका. प्रत्येक दोन पट्ट्यांच्या मध्ये एक चिठ्ठी ठेवायला सांगा: "म्हणून" किंवा "नंतर". खरी गंमत इथे आहे. प्यालेबरदाराची आणि फारोची स्वप्नं यांत बरीच मुलं "नंतर" ठेवतात, कारण मध्ये दोन वर्षं गेली. मग विचारा, "फारोला योसेफाचं नाव कुणी सांगितलं?" तेव्हा त्यांना आठवतं की विसरलेल्या प्यालेबरदारानेच सांगितलं, आणि चिठ्ठी बदलते. गटात वाद झाला तर होऊ द्या. तुम्ही फक्त ऐका, कुठे अडलंय ते आपोआप कळतं.

एक सावधगिरी. माझ्या वर्गातला एक मुलगा पहिल्या कागदात जवळजवळ कोरा राहिला होता. मला वाटलं, याने लक्षच दिलं नाही. नंतर कळलं की तो इंग्रजी माध्यमात शिकतो आणि देवनागरी अक्षरं जुळवत वाचतो. तोंडी विचारलं तर सगळी गोष्ट धडाधड सांगितली! माझा कागद त्याचं वाचन तपासत होता, समज नाही. तेव्हापासून मी प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचतो आणि हवं त्याला तोंडी उत्तर देऊ देतो. आठ वर्षांखालच्या मुलांना तर कागद देतच नाही, चित्रं आणि पट्ट्या पुरतात.

आता लक्षात राहण्याबद्दल. शिकवल्या दिवशी घेतलेली परीक्षा फसवी असते. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं. म्हणून मी तीन आठवड्यांनी, न सांगता, चारच प्रश्न पुन्हा विचारतो. सगळ्यांना कोऱ्या चिठ्ठ्या देतो, कारण हात वर करा म्हटलं की तीच दोन मुलं बोलतात. पोटीफराचं नाव विसरलं तर चालतं. यहूदा का बदलला हे विसरलं, तर पुढचा पाठ थांबवून दहा मिनिटं मागे जायचं.

आणि शेवटचं. "तू असतास तर भावांना माफ केलं असतंस का?" हा प्रश्न मी विचारतो, पण मार्कांच्या कागदावर कधीच नाही. मार्क ठेवले की सगळे "हो" लिहितात. एकदा गप्पांत विचारलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, "लगेच नाही केलं असतं, दादा." गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली होती. योसेफानेही लगेच कुठे केलं?

चला, या रविवारी तुमचा जुना कागद काढा आणि त्यात "का" किती वेळा येतो ते मोजा. भेटू पुढच्या भागात!