कोंकणी कार्यक्रमाची पुस्तिका: लिपी कोणती?

अकोला-अमरावतीत कोंकणी गाण्यांचा कार्यक्रम असेल, तर पुस्तिका देवनागरीत छापावी. गोव्याच्या 1987च्या राजभाषा कायद्यातही कोंकणी म्हणजे देवनागरीतली कोंकणी. पण इथे खरं कारण प्रेक्षक. मंगळूरकडचे गायक कानडी लिपीत वाचतात, तियात्रची गाणी रोमीत लिहिली जातात. त्यांची मूळ संहिता त्यांच्या हाती राहू द्यावी. रोमी मजकूर निवेदकाला मात्र देऊ नये. रोमीत 'ण'साठी 'एन' दोनदा लिहितात आणि शब्दाच्या शेवटी नाकातला स्वर 'एम'ने दाखवतात. नवखा वऱ्हाडी निवेदक 'हें' बेलाशक 'हेम' वाचेल!

देवनागरीचा धोका वेगळा आहे. मुद्रितशोधकाला ही मराठीच वाटते आणि तो 'हें'वरचा अनुस्वार जुना समजून उडवतो. कोंकणीत 'हें' नपुंसकलिंगी एकवचन, तर 'हे' पुल्लिंगी अनेकवचन. 'हें घर' म्हणजे हे घर. टिंब गेलं की व्याकरण बिघडलं. म्हणून शेवटचं प्रूफ कोंकणी वाचणाऱ्याकडूनच तपासून घ्यावं. रोमी गाण्याचं लिप्यंतर तर गायकाकडून म्हणवून घेऊन, ऐकत ऐकत करावं.

कवीने आपली कविता रोमीत किंवा कानडीतच छापा म्हटलं, तर तशी छापावी आणि समोरच्या पानावर देवनागरी द्यावी. चार पानं वाढतील, वाढू द्यावीत.