'केलें'वरचे टिंब

दहावीतल्या भाचीने सराव निबंधाची वही पुढे केली. पानभर लाल वर्तुळे, आणि शेवटी बाईंचा शेरा : 'बोलीभाषा टाळा'. तिचा प्रश्न साधा होता. "मामा, आपण सगळे 'केलं'च म्हणतो ना? मग 'केले' लिहायचं कशाला?"

याचे उत्तर एका टिंबाच्या गोष्टीत आहे. जुने, म्हणजे १९६२ च्या आधी छापलेले पुस्तक उघडले तर 'काम केलें' असे दिसते, 'ले'च्या डोक्यावर टिंब दिलेले. त्याच पानावर 'प्रयत्न केले' हेही सापडते, आणि तिथे टिंब नसते. हा छापखान्याचा घोळ नव्हे. काम नपुंसकलिंगी, म्हणून 'केलें'. प्रयत्न पुल्लिंगी आणि अनेकवचनी, म्हणून 'केले'. त्या टिंबाने लिंग सांगितले जात असे. एके काळी ते उच्चारातही होते, नाकातून निघत असे. गोव्याच्या कोकणीत ते आजही आहे. देवनागरी कोकणीत 'काम केलें' असेच लिहितात.

मराठीत मात्र नाकातला सूर विरत गेला. लिहिताना टिंब द्यायचे आणि वाचताना ते उच्चारायचे नाही, अशी अवस्था झाली. कोणत्या शब्दावर ते द्यायचे हे व्युत्पत्ती पाठ करून ठरवावे लागे, आणि त्यात भलेभले चुकत. मराठी साहित्य महामंडळाच्या शिफारशीवरून राज्य सरकारने १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे १४ नियम स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. उच्चारात नसलेले अनुस्वार या नियमांनी काढून टाकले. 'केलें'चे 'केले' झाले. निबंधात, अर्जात, अहवालात आपण लिहितो ते हेच.

पण बोलणाऱ्याच्या तोंडात तोवर वेगळेच घडलेले होते. नपुंसकलिंगी 'केलें'चा शेवटचा एकार ढिला होऊन लांबवलेला 'अ' झाला होता : 'केलऽ'. पुल्लिंगी 'केले' जसेच्या तसे राहिले. म्हणून आपण 'काम केलं' म्हणतो, पण 'प्रयत्न केले'च म्हणतो. 'झाड पडलं', पण 'आजोबा पडले'. लेखनाने टिंबाबरोबर टाकून दिलेला फरक बोलण्याने स्वर बदलून सांभाळला. प्रमाण लेखनात 'ते पडले' एवढेच वाचले तर झाड की आजोबा हे मागचे वाक्य पाहिल्याशिवाय कळत नाही. बोलताना ही अडचण येत नाही. बोली रूप म्हणजे गबाळे रूप असे समजणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

मग 'केलं'वर टिंब का, तिथे तरी कुठे नाकात उच्चार आहे? नाहीच. ते सोयीसाठी आहे. मराठीत शब्दाच्या शेवटचा 'अ' आपण गिळतो. 'कमळ' लिहितो आणि 'कमळ्' म्हणतो. 'केल' असे लिहिले तर वाचणारा 'केल्' वाचेल. शेवटचा 'अ' गिळू नका, एवढेच ते टिंब सांगते. मोबाइलवर 'मी सांगितल', 'घर बांधल' असे सर्रास दिसते. ते ना प्रमाण, ना बोली. ते निव्वळ चूक.

आता भाचीच्या वहीतला उतारा पाहू :

'गेल्या उन्हाळ्यात आजोबांनी घर नवं केलं. अंगणातलं झाड मात्र तसंच ठेवलं. त्यांनी दोन गवंडी बोलावले आणि भिंतींचे रंग स्वतः निवडले. "आता कसं वाटतंय?" असं त्यांनी मला विचारलं, तेव्हा काय बोलावं ते मला सुचेना.'

बाईंचा शेरा वाचून तिने क्रियापदे सुधारली होती : 'घर नवं केले', 'झाड तसंच ठेवले', 'असं विचारले'. इथे नवी पंचाईत झाली. वाक्याचे डोके बोलीत आणि शेपूट प्रमाणात. खरे तर हा बदल क्रियापदापुरता नाहीच. नपुंसकलिंगी एकवचन जिथे जिथे उमटते, तिथे तिथे तो होतो. 'नवं'चे 'नवे', 'अंगणातलं'चे 'अंगणातले', 'असं'चे 'असे', 'बोलावं'चे 'बोलावे'. नामेही यातच येतात : 'गाणं' हे 'गाणे', 'वागणं' हे 'वागणे'. अनेकवचनी 'फुलं', 'मुलं' यांची 'फुले', 'मुले' होतात. बोलण्यात 'त्यानं', 'पुढं' अशी रूपे असतील तर तीही 'त्याने', 'पुढे' करावी लागतात. सगळ्यांत जास्त निसटतात ती शब्दाच्या पोटात दडलेली टिंबे. 'तसंच'चे 'तसेच', 'तू केलंस'चे 'तू केलेस'. शेवटचे अक्षर तपासणाऱ्याच्या नजरेला ती सापडत नाहीत.

'बोलावले' आणि 'निवडले' यांना मात्र हात लावायचा नाही. गवंडी आणि रंग दोन्ही पुल्लिंगी, अनेकवचनी. ती रूपे बोलीतही एकारान्तच.

बोलीकडून प्रमाणाकडे जाणे त्यामानाने सोपे, कारण दोन वाटा एका वाटेला मिळतात. उलटे जाताना पाय घसरतो. छापील लेखावरून भाषणाची संहिता करून देताना एकाने संगणकावर सगळ्या 'ले'चे सरसकट 'लं' केलेले मी पाहिले आहे. त्यात 'पाहुणे आलं' होते आणि 'मुख्याध्यापक म्हणालं' होते. वक्त्याने आयत्या वेळी सावरले म्हणून निभावले. असे बदलताना एकवचन करून पाहावे. एकवचनी 'तो' लागत असेल (तो पाहुणा, तो प्रयत्न), तर एकार जागचा हलवू नये. 'ते' लागत असेल (ते काम, ते झाड), तर 'लं' करावे. आदरार्थी बहुवचनालाही पहिलाच न्याय. स्त्रीलिंगी 'ती गाते', 'मी जाते' यांचे 'गातं', 'जातं' कधीच होत नाही. 'ते बाळ हसते' याचे 'हसतं' होते. आणि 'हे', 'ते', 'जे', 'पाहिजे' हे शब्द दोन्हीकडे तसेच.

निबंधात प्रमाण रूपच का, तर परीक्षेतला निबंध औपचारिक लेखनात मोडतो आणि नियमांनी अशा लेखनासाठी एकारान्त रूप ठरवून दिले आहे. कथा, ललित लेख, पत्र यांत 'केलं' खुशाल चालते. माझे मत विचाराल तर 'केलं'ने लिहिलेला अख्खा निबंध मला मिश्र निबंधापेक्षा कमी खटकतो. पण गुण देणारा मी नव्हे, म्हणून भाचीला मी सगळी टिंबे शोधून काढायला लावली. उतारा असा झाला :

'गेल्या उन्हाळ्यात आजोबांनी घर नवे केले. अंगणातले झाड मात्र तसेच ठेवले. त्यांनी दोन गवंडी बोलावले आणि भिंतींचे रंग स्वतः निवडले. "आता कसं वाटतंय?" असे त्यांनी मला विचारले, तेव्हा काय बोलावे ते मला सुचेना.'

आजोबांचा प्रश्न आम्ही बदलला नाही. बाईंनी त्याभोवतीही लाल वर्तुळ काढले होते. पण माणसाच्या तोंडचे बोलणे लिहिताना 'असं', 'केलं' अशी उच्चाराप्रमाणे रूपे लिहायला ते १८ नियमच परवानगी देतात. बाकीची वर्तुळे बरोबर होती. ते एक चुकीचे होते.