हवेतल्या चेंडूचे दशक

कोल्हापुरात गेल्या काही वर्षांत तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या कृत्रिम गवताच्या मैदानांची, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘टर्फ’ची, सवय मुलांना लागली आणि तिच्याबरोबर एक कौशल्य हळूहळू मागे पडत गेले. चारही बाजूंनी जाळी आणि पुष्कळदा वरही जाळी, एका संघात पाच-सहा खेळाडू आणि पायाशी चिकटलेला चेंडू, अशा या खेळात बगलेतून येणारा उंच क्रॉस जवळजवळ नसतो. आणि क्रॉस नसेल तर व्हॉलीही नसते. जमिनीला न टेकलेल्या चेंडूवर थेट मारलेला फटका म्हणजे व्हॉली, आणि टप्पा पडताक्षणी चेंडू वर उठत असताना मारलेला फटका म्हणजे हाफ व्हॉली. यांपैकी पहिल्या प्रकाराची शहरातली वाटचाल पाहिली, तर आजची उणीव अधिक स्पष्ट दिसते.

आरंभीच्या काळाविषयी फार थांबण्याचे कारण नाही. 1940 साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली, पेठापेठांतल्या तालमींनी कुस्तीबरोबर फुटबॉलचे संघ उभे केले आणि पावसाळ्यानंतर उन्हाळ्यापर्यंत चालणारा हंगाम रूढ झाला. त्या काळचा चामड्याचा चेंडू पाणी पिऊन जड होत असल्याने तो हवेतच अडवून मारणे पायाला सोसण्यासारखे नव्हते. 1986 च्या विश्वचषकात पूर्णतः कृत्रिम वेष्टनाचा चेंडू प्रथम वापरला गेला. तसले चेंडू स्थानिक मैदानांवर येईपर्यंतची वर्षे या दृष्टीने कोरडीच म्हणावी लागतात.

खरा विचार करावा असा काळ 1995 ते 2005 चा आहे. घरोघरी केबल आली, परदेशी साखळी सामने मध्यरात्री दिसू लागले आणि हलका, पाणी न धरणारा चेंडू सरावात रुळला. सरावाची मैदाने मात्र मातीचीच होती आणि त्यांवर टप्पा कुठे उसळेल याचा भरवसा नसे. म्हणून खडबडीत जमिनीवर पडण्याआधीच चेंडू गाठणे हा हौसेचा नव्हे, तर शहाणपणाचा मार्ग ठरला. राजर्षी शाहू महाराजांनी 1895 मध्ये वसवलेल्या शाहूपुरीसारख्या व्यापारी वसाहतीत मोकळी जागा कमी असली, तरी गोदामांच्या उंच, खिडक्या नसलेल्या भिंती होत्या. भिंतीवर आपटून अंगावर परत येणारा चेंडू हवेत मारण्याइतका चांगला आणि फुकटचा सराव दुसरा नसतो.

या दशकाचा नमुना म्हणून 15 मे 2002 रोजी ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्क मैदानावर, चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात झिनेदिन झिदानने बायर लेव्हरकुसेनविरुद्ध केलेला गोल तपासण्यासारखा आहे. रॉबर्तो कार्लोसने डावीकडून उडवलेला चेंडू खूप उंच जाऊन जवळजवळ सरळ खाली येत होता. झिदान त्याच्याकडे धावला नाही. चेंडू कुठे उतरेल हे आधी ठरवून तो त्या जागेच्या बाजूला उभा राहिला, शरीर आडवे वळवले आणि कमरेच्या उंचीवर, उजव्या पायाचा खेळाडू असूनही, डाव्या पायाने फटका मारला. चेंडू वरच्या कोपऱ्यात गेला आणि रेआल माद्रिदने तो सामना 2-1 असा जिंकला.

यातली पहिली गोष्ट नजरेची आहे. गोलपोस्टकडे एक कटाक्ष चेंडू वर चढत असतानाच टाकून घ्यायचा असतो, कारण तो खाली येऊ लागल्यावर डोके हलले तर अंदाज चुकतो. शेवटच्या क्षणी चेंडू इतका जवळ असतो की डोळा त्याचा नेमका पाठलाग करू शकत नाही; म्हणून चेंडूवर नजर ठेवणे याचा व्यवहारातला अर्थ फटका जिथे बसणार त्या जागी नजर रोखून, चेंडू पायावरून सुटेपर्यंत मान वर न उचलणे, असा होतो. गोल झाला का हे पाहण्याची घाई हाच इथला मोठा शत्रू आहे.

दुसरी गोष्ट शरीराची ठेवण. चेंडू समोरून गुडघ्याच्या उंचीवर येत असेल, तर छाती आणि गुडघा चेंडूवर झुकलेला हवा. कमरेच्या उंचीवर येत असेल, तर टेकलेल्या पायाचा पंजा लक्ष्याकडे वळवून, लक्ष्याकडचा खांदा खाली झुकवून शरीर तिरपे करावे लागते; तसे केल्याशिवाय मांडी जमिनीला समांतर उचलताच येत नाही. दोन्ही प्रकारांत घोटा घट्ट, पंजा ताणलेला आणि फटका बुटाच्या नाडीच्या भागाने, चेंडूच्या मध्यावर किंवा किंचित वर बसलेला असावा. तालमीत जोर-बैठकांनी मांड्या दणकट झालेल्या खेळाडूंना ताकद कमी पडत नसे, कमरेचा सांधा मोकळा नसणे आड येई. आणि दूर उडालेल्या फटक्याचे श्रेय तांबड्या-पांढऱ्या रश्शाला देणाऱ्या जाणकारांनी ही गोष्ट कधी मनावर घेतली नाही.

तिसरी आणि सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे पाय फिरवण्याची वेळ. सहा मीटर उंचीवरून पडणारा चेंडू कमरेजवळ, म्हणजे जमिनीपासून सुमारे एक मीटरवर, पोहोचतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला जवळजवळ दहा मीटर असतो. चेंडूचा व्यास सुमारे 22 सेंटिमीटर असल्याने तो स्वतःच्या उंचीइतके अंतर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास ओलांडतो. इतक्या अरुंद फटीत पाय मागे लांब नेऊन आणणे परवडत नाही. आखूड आणि वेगवान झोत पुरतो, कारण येणारा चेंडू स्वतःचा वेग घेऊनच आलेला असतो. पाय लवकर फिरला तर चेंडू अजून वर असल्याने फटका त्याच्या तळाला बसतो आणि तो उलटी फिरकी घेत गोलपोस्टवरून जातो. उशीर झाला तर पाय चेंडूच्या माथ्यावर घसरतो किंवा नडगीला लागून चेंडू जमिनीत आपटतो. स्वच्छ बसलेला चेंडू फारसा फिरत नाही, आणि हाच सर्वांत सोपा पुरावा आहे.

त्या दशकातला प्रेक्षक या बाबतीत निर्दोष नव्हता. आकाशात गेलेल्या जोरकस फटक्याला टाळ्या पडत आणि अर्ध्या ताकदीने खालच्या कोपऱ्यात घातलेली व्हॉली नशिबाच्या खात्यावर टाकली जाई. त्यामुळे होतकरू खेळाडू ताकद शिकत आणि वेळ साधणे विसरत. पुढे 2010 च्या विश्वचषकातला जाबुलानी चेंडू हवेत अनपेक्षित वळतो अशी तक्रार जगभरच्या गोलरक्षकांनी केली. मात्र गुळगुळीत, हलक्या चेंडूंनी व्हॉली मारणाऱ्याचेही काम अवघड केले, याची चर्चा त्यामानाने थोडी झाली. तरीही आजच्या उणिवेचा दोष चेंडूकडे जात नाही. तो जातो सरावाच्या जागेकडे, आणि पासांची संख्या मोजून समाधान मानणाऱ्या प्रशिक्षणाकडे.

उपाय खर्चिक नाही. प्रशिक्षकांनी टर्फचा एक तास कमी करून मुलांना उघड्या मैदानावर न्यावे. आधी स्वतःच्या हातातून सोडलेला चेंडू, मग जोडीदाराने समोरून आणि नंतर बाजूने फेकलेला चेंडू, निम्म्या ताकदीने भिंतीवर मारून घ्यावा, आणि फटका फिरकीशिवाय सुटू लागेपर्यंत गोलपोस्ट व गोलरक्षक यांना सरावाबाहेर ठेवावे.