दहा हजारांचे नव्व्याण्णव (लेखांक ६)

२ ऑगस्ट १९२७ची सकाळ. बेल लॅबोरेटरीजचे इंजिनिअर हॅरॉल्ड ब्लॅक हडसन नदीवरच्या फेरीबोटीतून न्यू यॉर्कला कामावर निघाले होते. कित्येक वर्षं छळणाऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांना बोटीतच सुचलं आणि हातातल्या ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या पानावर त्यांनी ते मांडलं.

प्रश्न लांबच्या टेलिफोनचा होता. तारेत क्षीण होणारा आवाज वाटेत ठिकठिकाणी अ‍ॅम्प्लिफायर बसवून वाढवावा लागे. पण व्हॉल्व्ह जुने झाले किंवा विजेचा दाब हलला की त्यांचा गेन, म्हणजे संकेत किती पट वाढतो तो आकडा, बदले. समजा, वाटेतल्या दहा अ‍ॅम्प्लिफायरांपैकी प्रत्येकाचा गेन १० टक्क्यांनी घटला, तर शेवटी नेहमीच्या संकेताचे जेमतेम ३५ टक्के पोचतात.

ब्लॅक यांची युक्ती अशी: गेन गरजेपेक्षा खूप जास्त ठेवायचा, बाहेर पडलेल्या संकेताचा ठरावीक हिस्सा मागे आणायचा आणि आत येणाऱ्या संकेतातून वजा करायचा. हाच निगेटिव्ह फीडबॅक. अ‍ॅम्प्लिफायरचा (नियंत्रणशास्त्राच्या भाषेत ‘प्लांट’चा) गेन A आणि मागे आणलेला हिस्सा β मानला, तर एकूण गेन येतो:

G = A / (1 + Aβ)

A १०,००० आणि β ०.०१ घेतला, तर G येतो ९९.०१. आता A निम्मा, ५,००० झाला तर? G ९८.०४. आत ५० टक्क्यांची पडझड, बाहेर फरक एका टक्क्याहूनही कमी.

हे घडतं कसं? आत १०० मिलिव्होल्ट दिले, की सुरुवातीला ९९ मिलिव्होल्ट वजा होतात आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या वाट्याला सुमारे १ मिलिव्होल्ट येतो. गेन निम्मा झाल्यावर ९८ मिलिव्होल्टच वजा होतात, म्हणून उरतात सुमारे २. दुबळ्या झालेल्या अ‍ॅम्प्लिफायरला आपोआप दुप्पट खुराक मिळतो! त्या दहा जणांच्या रांगेतही, प्रत्येकाचा A १० टक्क्यांनी घटला तरी, आता सुमारे ९९ टक्के संकेत पोचतो.

मात्र हे संरक्षण β ला मिळत नाही. A १०,०००च ठेवून β फक्त एका टक्क्यानं वाढवला, ०.०१०१ केला, तरी G थेट ९८.०४ वर येतो. A निम्मा झाल्यावर आला होता तेवढाच. त्यामुळे मागे आणणारा भाग व्हॉल्व्हवर न सोपवता रेझिस्टरसारख्या स्थिर घटकांचा करतात.

दुसरी मर्यादा वारंवारतेची. वरच्या वारंवारतांना A मुळातच घसरतो. तो १०० वर आला की Aβ उरतो अवघा १ आणि G ५०. तिथे A आणखी १० टक्क्यांनी घटला, तर G सुद्धा ५ टक्क्यांहून जास्त खाली येतो. त्यातच मागे येणारा संकेत उशिरामुळे उलटा फिरला, तर वजाबाकीची बेरीज होते आणि अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच शिट्टी मारू लागतो. ती शिट्टी कधी वाजते, याची कसोटी ब्लॅक यांचेच सहकारी हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२मध्ये दिली. पुढच्या लेखांकात तिच्याविषयी.