फोटो फोनमध्येच आहे, तरी कॉलवरून का जात नाही?

औरंगपुऱ्यात स.भु. कॉलेजच्या आसपास पैठण, गंगापूर, कन्नडकडची पोरं नेहमी भेटतात. कपाशीचा हंगाम आला की त्यांच्यापैकी कुणीतरी मला हे विचारतंच: "दादा, लाल पडलेल्या पानाचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे. हेल्पलाईनला कॉलही याच फोनवरून लावलाय. मग कॉल चालू असताना फोटो का देता येत नाही?" दुसरा लगेच विचारतो, "आणि घरातल्या स्मार्ट स्पीकरला फोटो दिला तर?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असंच आहे, पण कारणं वेगळी आहेत. कॉलमध्ये रस्ताच फोटोसाठी बनलेला नाही. स्पीकरमध्ये रस्ता रुंद आहे, पण फोटो आत घ्यायला दार नाही. एकेक करून बघूया.

कॉलचा रस्ता फक्त आवाजाचा

व्हॉट्सॲपवर फोटो टाकता तेव्हा तो डेटाच्या रस्त्याने जातो. तिथे फोटो, गाणं, पीडीएफ, काहीही चालतं, कारण प्रत्येक फाईल जशीच्या तशी पोहोचवायची असते. कॉलचं तसं नाही. फोर-जीवर आवाजही डेटाच्या पाकिटांतूनच जातो, पण नेटवर्क त्यासाठी वेगळी लेन ठेवतं आणि त्या लेनमधून फक्त आवाजाची पाकिटं जातात.

ही पाकिटं तयार करणाऱ्या भागाला कोडेक म्हणतात. तो तुमच्या बोलण्याचे छोटे तुकडे करतो, एका सेकंदाचे 50. प्रत्येक तुकड्याचा पूर्ण आवाज तो पाठवत नाही, त्याचं वर्णन पाठवतो: सूर किती उंच, घशाचा आणि तोंडाचा आकार साधारण कसा, जोर किती. पलीकडचा फोन त्या वर्णनावरून आवाज पुन्हा बनवतो. मोबाईलच्या साध्या कॉलला यासाठी सेकंदाला जास्तीत जास्त 12,200 बिट मिळतात, म्हणजे एका तुकड्याला फक्त 244 बिट.

माणसाच्या बोलण्याला हे पुरतं, कारण कोडेक त्यासाठीच बनवलाय. दुसरं काही दिलं की तो गडबडतो. कॉल होल्डवर असताना वाजणारं गाणं फाटल्यासारखं, पाण्यात बुडाल्यासारखं ऐकू येतं ना? त्यामागचं एक मोठं कारण हेच. गाण्याची ही गत, तर फोटोचं काय होणार!

मग फॅक्सने कागद कसा जायचा?

शंका रास्त आहे. फॅक्स मशीन साध्या टेलिफोन लाईनवरूनच कागदाचं चित्र पाठवायचं. ते कागदावरचा काळा-पांढरा भाग वाचून त्याचे सूर बनवायचं आणि पलीकडचं मशीन त्या सुरांवरून पुन्हा कागद छापायचं. सुरुवातीची चिर्र-चिर्र म्हणजे दोन मशीनचं आपसात ठरणं असायचं की कोणत्या वेगाने, कोणत्या पद्धतीने बोलायचं.

आता हिशोब करून बघू. फॅक्सचा एक नेहमीचा वेग सेकंदाला 9,600 बिट. तुमचा पानाचा फोटो 2 एमबीचा धरला तर तो झाला साधारण 1 कोटी 60 लाख बिटचा. भागाकार केला की येतात 1,667 सेकंद, म्हणजे जवळपास 28 मिनिटं. तेही लाईन स्वच्छ असेल तर. मोबाईलचा कोडेक ते सूर मोडून टाकतो, म्हणून तिथे हा मार्ग चालतच नाही.

"मराठीसाठी 2 दाबा" तर चालतं ना? चालतं, कारण बटणाचा टूं आवाज कोडेकच्या भरवशावर सोडलेला नसतो. 'अमुक बटण दाबलं' ही सूचना मोबाईल नेटवर्कला वेगळी पाठवतो. म्हणजे कॉलवर बोलणं आणि 12 बटणं, एवढंच जातं.

शिवाय ऐकणाऱ्याचाही प्रश्न आहे. कॉलवर आपोआप उत्तर देणारा असिस्टंट आलेल्या आवाजातून शब्द शोधतो आणि शब्दांवरून प्रश्न ओळखतो. चित्राचे सूर त्याच्यापर्यंत धड पोहोचले तरी तो त्यात शब्दच शोधणार आणि "पुन्हा सांगा" म्हणणार.

स्पीकरला वायफाय आहे, तरी का नाही?

एको डॉट किंवा नेस्ट मिनीसारखा स्पीकर वायफायवर असतो. त्या वेगात 2 एमबी काही सेकंदांत जाईल. पण या स्पीकरला कॅमेरा नाही, स्क्रीन नाही. आत येणारी गोष्ट फक्त माईकमधून येते. तुम्ही ठरलेलं नाव उच्चारलं की तो पुढचं बोलणं कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतो. तिथे बोलण्याचे शब्द होतात, उत्तर बनतं आणि आवाज होऊन परत येतं. या साखळीत फोटो ठेवायला कुठेच जागा नाही.

घरी करून बघा. स्पीकर ब्लूटूथने फोनला जोडा, गाणं वाजेल. आता गॅलरीतला फोटो ब्लूटूथने त्यालाच पाठवा. पाठवणं फसेल. ब्लूटूथमध्ये प्रत्येक उपकरण आपण काय काय घेऊ शकतो ते सांगतं. गाणं घेणं ही एक सेवा, फाईल घेणं ही दुसरी. स्पीकरकडे पहिली असते, दुसरी नसते. म्हणून कनेक्शन चालू असूनही फोटो जात नाही.

स्क्रीन आणि कॅमेरा असलेले एको शोसारखे मॉडेल वेगळे. आपण बोलतोय ते फक्त आवाजाच्या उपकरणांबद्दल.

मग लाल पानाचं काय करायचं?

किसान कॉल सेंटर 2004 पासून चालू आहे, मराठीतही, आणि त्याचा नंबर 1800-180-1551 आहे. तिथे माणूस बोलतो, पण कॉलचा रस्ता तोच. समोरच्याला पान दिसत नाही. तुम्ही नुसतं "पानं लाल पडलीत" म्हणालात तर निदान दोन शक्यता उरतात. मॅग्नेशियम कमी असलं तरी पान लाल पडतं आणि तुडतुड्यांनी रस शोषला तरी लाल पडतं. पहिल्यात कीटकनाशक मारलं तर पैसा वाया. दुसऱ्यात नुसतं खत दिलं तर कीड वाढतच जाते.

म्हणून कॉल लावण्याआधी फोटो झूम करा आणि पान उलटं करून बघा. मग तेच शब्दांत सांगा. "शिरा हिरव्या आहेत, मधला भाग लालसर जांभळा आहे, खाली किडे नाहीत" हे वर्णन मॅग्नेशियमकडे बोट दाखवतं. "कडा आधी पिवळ्या, मग लाल झाल्या, पान खाली मुडपतंय, पानामागे तिरके चालणारे हिरवट किडे आहेत" हे तुडतुड्यांचं लक्षण. सोबत पीक किती दिवसांचं आहे, लाली खालच्या पानांवर आहे की वरच्या, शेतात पाणी साचलं होतं का, तेही सांगा.

काही सेवा कॉल चालू असताना एसएमएसवर लिंक पाठवून फोटो मागतात. तेव्हाही फोटो कॉलमधून जात नाही. तो डेटाच्या रस्त्याने वेगळा जातो आणि तुमच्या नंबरवरून किंवा तक्रार क्रमांकावरून त्या कॉलशी जोडला जातो. म्हणून कोणतीही आवाजी सेवा वापरताना आधी हे विचारा: फोटो पाठवायला दुसरा नंबर किंवा लिंक आहे का? नसेल, तर पान तुम्हालाच शब्दांत दाखवावं लागेल.