दिवाळीच्या शुभेच्छा, बिलबुकातून

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कोणत्याही व्यापाऱ्याचा फोन हातात घेऊन बघा. पणत्यांची चित्रं, वर कंपनीचा लोगो, खाली तीन फोन नंबर, आणि बऱ्याच निरोपांच्या डोक्यावर ‘फॉरवर्डेड’चा बाण. माणूस ते उघडत नाही, अंगठ्याने वर सारतो. पाठवणाऱ्याला वाटतं, ग्राहकाची आठवण ठेवली. घेणाऱ्याला मात्र एवढंच कळतं की आपलं नाव एका यादीत आहे.

निरोप आपला वाटावा यासाठी भाषा सुंदर असावी लागत नाही. त्यात एक गोष्ट अशी हवी, जी फक्त त्याच माणसाला लिहिता येईल. पारखायची रीत सोपी आहे: वरचं नाव खोडून दुसऱ्या ग्राहकाचं घाला. निरोप तसाच चालत असेल, तर तो छापीलच. म्हणूनच नुसतं ‘प्रिय अमुकजी’ जोडल्याने काही साधत नाही.

ती एक गोष्ट आणायची कुठून? ती बिलबुकात असते. समजा, कोल्हापुरात पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक कारखानदार आहे आणि रत्नागिरीचा एक आंबा बागायतदार दर हंगामाला त्याच्याकडून खोकी घेतो. वर्षभराची बिलं चाळताना एप्रिलचं एक बिल हाती लागतं आणि आठवतं, त्या खेपेला गाडी आंबा घाटात बंद पडली होती. मग निरोप असा होतो:

‘काका, नमस्कार. एप्रिलमध्ये आमची गाडी घाटात अडकली, तेव्हा तुम्ही रात्री माणूस आणि जेवणाचा डबा पाठवलात. आमचा ड्रायव्हर अजून ते सांगतो. तुम्हाला, काकूंना आणि घरी सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा. यंदा मोहोर चांगला धरू दे.’

यात सुख-समृद्धी-भरभराट हे शब्द नाहीत. आठवण जुन्या व्यवहारातली आहे आणि शुभेच्छा पुढच्या हंगामाची, कारण बागायतदाराचा जीव दिवाळीनंतर मोहोरातच गुंतलेला असतो. ‘काका’ लिहिलं, कारण फोनवर तो काकाच म्हणतो. रोज ‘शेठ’ म्हणत असाल तर शेठच लिहा. एरवीच्या हाकेऐवजी अचानक ‘आदरणीय महोदय’ आलं की निरोप परका होतो.

त्याच निरोपाच्या शेवटी ‘मागच्या बिलाचं तेवढं बघा’ किंवा ‘नवीन दर सोबत जोडले आहेत’ आलं, की वरच्या चारही वाक्यांची किंमत जाते. वसुली आणि दरपत्रक सणानंतर, वेगळं पाठवावं.

यादी करताना एक खूण आठवणीने करावी: वर्षभरात कोणाच्या घरी माणूस गेलं आहे का? आपल्याकडे अशा घरात बहुधा त्या वर्षी सण करत नाहीत. तिथे फटाक्यांचं चित्र पोचलं तर ते वर्षानुवर्षं विसरलं जात नाही. या घरी शुभेच्छा न पाठवता फोन करावा किंवा एवढंच लिहावं, ‘दादांशिवायची ही पहिली दिवाळी. तुमची आठवण आहे. कामाचं काही असेल तर निःसंकोच सांगा.’ तयार निरोप सगळ्यांना एकदम जातो, तो सर्वांत जास्त दुखावतो ते इथे.

दिवसही पाहावा. लक्ष्मीपूजनाला फोन तुंबलेला असतो आणि धनत्रयोदशीला दुकानदाराला मान वर करायला वेळ नसतो. वसुबारसेला आलेला निरोप निवांत वाचला जातो. गुजराती व्यापाऱ्यांचं नवं वर्ष पाडव्याच्या दिवशी सुरू होतं. त्यांना त्या सकाळी ‘साल मुबारक’ म्हणणं जास्त योग्य.

व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट यादी सोयीची वाटते, पण ज्यांनी तुमचा नंबर जतन केलेला नाही त्यांच्यापर्यंत तो निरोप पोचतच नाही. म्हणजे नवे ग्राहक, ज्यांच्याशी नातं अजून जुळायचं आहे, तेच नेमके सुटतात.

शंभर ग्राहकांना असं लिहिणं होणार नाही, आणि तसा आवही आणू नये. ज्यांच्यावर धंदा उभा आहे आणि ज्यांनी अडचणीत साथ दिली, अशा वीस-पंचवीस जणांना स्वतः लिहावं. रोज पाच निरोप लिहिले तरी ते आठवड्यात उरकतं. बाकीच्यांना नाव घालून दोन साध्या ओळी, खाली आपली सही, चित्र नको. ज्याच्याविषयी काहीच आठवत नाही, त्याच्यासाठी ओढूनताणून जवळीक लिहू नये, ती लगेच ओळखू येते.

दसरा झाला की एका संध्याकाळी बिलबुक घेऊन बसा आणि प्रत्येक नावापुढे एक ओळ लिहून ठेवा. उत्तरादाखल कोणी दोन शब्द लिहिले, तर तेही त्याच पानावर टिपून घ्या. पुढच्या वर्षी उपयोगी पडतील.